चौकट उभी, जागा चौरस

नाटकाची जाहिरात आता वर्तमानपत्राच्या पानाइतकीच रीलमधूनही येते. एखादा धारदार संवाद, मागोमाग टाळ्या, मग ठळक अक्षरांत नाटकाचं नाव, आणि शेवटी रविवार, दुपारी ४ वाजता, अमुक नाट्यगृह, तिकिटांसाठी फोन नंबर. संकलकाच्या संगणकावर हे सगळं जागच्या जागी आणि देखणं दिसतं. तेच रील फोनवर आलं की नाट्यगृहाच्या नावावर निर्मात्याच्या अकाउंटचं नाव येऊन बसतं, फोन नंबरातले मधले आकडे पोस्टच्या मजकुराखाली जातात आणि संस्थेच्या लोगोवर तीन टिंबं नाचतात. नाटक कुठे आहे आणि तिकीट कुठून काढायचं, एवढंच नेमकं प्रेक्षकाला कळत नाही.

ही चूक रचनाकाराच्या नजरेची नसते. त्यानं रचना रिकाम्या कागदावर केलेली असते, आणि ती दिसते मात्र भरलेल्या कागदावर. इन्स्टाग्रामचं रील असो की यूट्यूबचं शॉर्ट, ॲप स्वतःचं सामान तुमच्या चित्रावरच मांडतं. उजव्या कडेला लाइक, कमेंट, शेअर यांची उभी रांग. खाली अकाउंटचा गोल फोटो, नाव, फॉलो किंवा सबस्क्राइबचं बटण, तुम्ही लिहिलेल्या मजकुराच्या एक-दोन ओळी, गाण्याचं नाव. वर शोधाचं किंवा कॅमेऱ्याचं चिन्ह, आणि त्याच्याही वर फोनची स्वतःची वेळ, बॅटरी, पुढच्या कॅमेऱ्याचं भोक. या सगळ्यातून जी जागा मोकळी उरते तिला या धंद्यात ‘सेफ झोन’ म्हणतात.

कल्पना जुनी आहे. काचेच्या नळीचे टीव्ही होते तेव्हा प्रत्येक संच चित्राच्या कडा थोड्याफार कापायचा. कुठला संच किती कापेल याचा नेम नसे. म्हणून प्रसारणवाल्यांनी नियम केला की महत्त्वाची हालचाल चित्राच्या मधल्या ९० टक्क्यांत आणि वाचायची अक्षरं मधल्या ८० टक्क्यांत ठेवावीत. पुढे सपाट पडदे आले आणि या मर्यादा सैल झाल्या, पण संकलनाच्या अनेक सॉफ्टवेअरमध्ये ‘सेफ मार्जिन’चं बटण दाबलं की आजही त्याच घराण्यातले दोन चौकोन उमटतात.

इथेच पहिला सापळा आहे. उभ्या व्हिडिओवर ते बटण दाबून निश्चिंत झालेले बरेच जण भेटतात. टीव्हीचा चौकोन चारही बाजूंना सारखी जागा सोडतो. १९२० पिक्सेल उंचीच्या चौकटीत तो खालून जेमतेम १९२ पिक्सेल सोडेल. फोनवरच्या ॲपला खाली याच्या तिप्पट जागा लागते आणि डावीकडे जवळजवळ काहीच लागत नाही. टीव्ही कडा कापत होता, ॲप वर सामान ठेवतं. पहिल्याचं नुकसान चहूबाजूंनी सारखं होतं, दुसऱ्याचं एका कोपऱ्यात साचतं.

आता आकडे पाहू, कारण त्यातून एक गंमत बाहेर पडते. उभ्या व्हिडिओची सर्वमान्य चौकट १०८० पिक्सेल रुंद आणि १९२० उंच. इन्स्टाग्राम आणि फेसबुक चालवणारी मेटा कंपनी रील्सच्या जाहिरातदारांना सांगते, की वरचे साधारण १४ टक्के, खालचे ३५ टक्के आणि दोन्ही बाजूंचे ६-६ टक्के अक्षरांपासून आणि लोगोपासून मोकळे ठेवा. याचे पिक्सेल काढले तर वर सुमारे २७०, खाली ६७२, बाजूंना ६५-६५. वजाबाकी केली की उरतात ९५० रुंद आणि ९७८ उंच. म्हणजे जवळजवळ चौरस! आपण उंच, निमुळती चौकट भरायला बसलेलो असतो, पण वाचण्याजोगी जागा त्यातली एक चौरस पाटी आहे, आणि एकूण क्षेत्रफळाच्या ती निम्मीसुद्धा नाही.

ही पाटी चौकटीच्या मधोमधही नाही. तिचा मध्य वरून सुमारे ७६० पिक्सेलवर येतो आणि चौकटीचा मध्य ९६० वर. याचा अर्थ सॉफ्टवेअरमधलं ‘मध्यभागी आणा’ हे बटण दाबलं की अक्षरं खऱ्या मध्यापासून २०० पिक्सेल खाली उतरतात. एकच शब्द असेल तर चालून जातं. चार ओळी असतील तर शेवटची ओळ अकाउंटच्या नावाला जाऊन टेकते.

मेटाचे आकडे जाहिरातींसाठी आहेत आणि जाहिरातीत खाली ‘अधिक माहिती’ किंवा ‘तिकीट काढा’ असं आडवं बटण वाढतं, म्हणून ३५ टक्के. साध्या रीलला तेवढी जागा लागत नाही असं म्हणून काही जण खाली २० टक्केच सोडतात. हा हिशेब मला पटत नाही. आज घरचं म्हणून टाकलेलं रील चांगलं चाललं की आठवड्यानं निर्माता त्यावर पैसे लावून ते ‘बूस्ट’ करतो, आणि त्या क्षणी ते आडवं बटण तुमच्या फोन नंबरवर येऊन बसतं. व्हिडिओ तोच, पण जाहिरात झाल्यावर अपात्र. म्हणून सुरुवातीपासूनच खालचे ३५ टक्के सोडावेत.

बाजूंचे ६ टक्के मात्र मला कमी वाटतात, आणि त्याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे उजवीकडची बटणांची रांग. ६५ पिक्सेलमध्ये ती मावत नाही, तिला साधारण तिप्पट जागा द्यावी लागते. शिवाय ती वाढत चालली आहे. २०२५ मध्ये इन्स्टाग्रामनं रिपोस्टचं बटण आणलं आणि रांगेत एक भर पडली. दुसरं कारण फोनच्या उंचीचं. आजचे बरेचसे फोन ९:१६ पेक्षा उंच असतात, ९:२० च्या आसपास. अशा पडद्यावर ॲपपुढे दोन वाटा असतात. खाली काळी पट्टी ठेवून तिथे स्वतःची बटणं मांडायची, किंवा चित्र ताणून पडदा पूर्ण भरायचा. पूर्ण भरला तर चित्र सव्वापट होतं आणि दोन्ही बाजूंचे मूळचे १०८-१०८ पिक्सेल पडद्याबाहेर जातात. सगळी ॲप्स इतकं टोक गाठत नाहीत, पण अधलेमधले कापणं होतं. म्हणून माझ्या पाटीची डावी कड ११० वर, उजवी ८९० वर, वरची २८८ वर आणि खालची १२४८ वर असते. रुंदी ७८०, उंची ९६०. हे आकडे एका कागदावर लिहून संगणकाच्या पडद्याला चिकटवले तरी काम भागतं.

त्यातही एक सवलत आहे. बटणांची रांग उजवीकडे असली तरी ती खालच्या अर्ध्यातच उभी असते. वरच्या अर्ध्यात ती कड मोकळी असते. म्हणून वर येणारं शीर्षक ९७० पर्यंत पसरवता येतं, खाली येणारी वाक्यं मात्र ८९० ला थांबवायची. आणि खालची ओळ चौकटीच्या मध्याशी जुळवून ठेवायची असेल, तर डावीकडेही तेवढीच जागा सोडावी लागते. मग तिला ७०० पिक्सेलच रुंदी मिळते. डावीकडून सुरू होणारी ओळ जास्त अक्षरं सामावते, पण नजरेला मधली ओळ सवयीची. मी मधली घेतो आणि वाक्यं छोटी करतो.

आता ते नाटकाचं रील पुन्हा मांडून बघू. समजा मूळ रचना वर्तमानपत्री जाहिरातीच्या धर्तीची होती: नाव अगदी वर १२० पिक्सेलवर, मध्ये कलाकारांचे चेहरे, १६०० वर नाट्यगृह आणि वेळ, १७५० वर फोन नंबर, आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात लोगो. कागदावर हे बिनचूक आहे. छापील जाहिरातीची नजर वरून खाली उतरते आणि तळाशी पत्ता शोधते. पण फोनवर तळ आपला नाही. १६०० आणि १७५० या दोन्ही ओळी पूर्णपणे ॲपच्या मुलखात आहेत आणि उजवा खालचा कोपरा तर सगळ्यांत वाईट, कारण बटणांची रांग आणि खालचा मजकूर तिथेच एकमेकांना भेटतात.

नव्या मांडणीत नाव ३०० ते ५०० या पट्ट्यात येतं. ५०० ते १००० चेहऱ्यांना. नाट्यगृह आणि वेळ १०३० ते ११३० मध्ये, नंबर ११४० ते १२३० मध्ये. कागदावर पाहिलं तर ही रचना वर सरकलेली आणि खाली पोकळ दिसते. निर्माता हमखास विचारतो, ‘‘अहो, खाली एवढी जागा मोकळी का सोडलीय? अक्षरं जरा मोठी करा की!’’ त्याला संगणकावर समजावण्यात अर्थ नाही. फोन हातात द्यावा.

तरीही या पाटीवर नाव, चेहरे, नाट्यगृह, वेळ, नंबर आणि लोगो एकदम कोंबले तर गर्दी होणारच. छापील जाहिरातीला जागा असते, वेळ नसतो. रीलला वेळ असतो. पहिले तीन सेकंद फक्त नाव, मधे प्रसंग, शेवटचे चार-पाच सेकंद नाट्यगृह, वेळ आणि नंबर. चार सेकंदांत नंबर लिहून कोण घेणार, हा प्रश्न रास्त आहे. व्हिडिओतल्या आकड्यांवर बोट ठेवून फोन लागत नाही, म्हणून तोच नंबर पोस्टच्या मजकुरातही लिहावा. ज्या मजकुराला आपण मघापासून अडथळा म्हणतोय, त्याचा हा उपयोग.

लोगोची गोष्ट जरा नाजूक, कारण तिथे मालकाचा जीव गुंतलेला असतो. टीव्ही वाहिन्यांच्या सवयीनं लोगो सतत कोपऱ्यात हवा असतो. उभ्या व्हिडिओत त्यातल्या त्यात निर्धोक कोपरा डावा वरचा, पण पार कोपऱ्यात नव्हे. वरून ३००, डावीकडून ११०. तिथे तो छोटा आणि एकरंगी ठेवावा, नाहीतर नाटकाच्या नावाशी भांडतो. माझं मत विचाराल तर सततचा लोगो काढून टाकावा आणि शेवटी दोन सेकंद पाटीच्या मधोमध मोठा दाखवावा. अकाउंटचं नाव आणि चिन्ह ॲप स्वतःच अखंड दाखवत असतं. तीच ओळख दुसऱ्यांदा कोपऱ्यात चिकटवून काय मिळतं?

आता बोलण्याची अक्षरं, म्हणजे कॅप्शन. बरेच लोक आवाज बंद ठेवून रील पाहतात, म्हणून संवाद अक्षरांत देण्याची पद्धत पडली आहे. चित्रपटाच्या सबटायटलची सवय असल्यानं पहिला हात तळाकडे जातो. इथे ती अक्षरं छातीच्या उंचीवर आणावी लागतात. ६४ पिक्सेलची देवनागरी अक्षरं घेतली तर ७०० रुंदीत एका ओळीत साधारण पंधरा-सोळा अक्षरं बसतात. दोन ओळींपेक्षा जास्त घेऊ नये. १०५० ते १२३० या पट्ट्यात दोन ओळी नीट बसतात.

देवनागरीचा इथे स्वतःचा एक हट्ट आहे. रोमन अक्षरांत खाली लोंबणारी अक्षरं मोजकी. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार, आणि खाली उकार, रकार, ऋकार, शिवाय उभी जोडाक्षरं. ‘पूर्वार्ध’ या एका शब्दात दोन रफार वर आणि एक ऊकार खाली. रोमनसाठी ठरवलेल्या अंतरावर दोन मराठी ओळी ठेवल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. म्हणून ओळींतलं अंतर अक्षराच्या आकाराच्या १.४ पट तरी ठेवावं. ६४ ला ९०. आणि १२४८ ची मर्यादा मोजताना ती अक्षराच्या पायापासून नव्हे, लोंबणाऱ्या उकाराच्या टोकापासून मोजावी. अक्षरांमागे रंगीत पट्टी देणाऱ्या काही साच्यांत हा उकार पट्टीबाहेर पडतो किंवा कापला जातो. तयार साचा मराठीला चालतो का, हे पाहायला असाच उकार-रफारांनी भरलेला शब्द टाकून बघावा.

छातीवर अक्षरं आणायची तर छाती मोकळी हवी. म्हणजे हा विषय संकलकाकडे येण्याआधी कॅमेऱ्यामागे सुरू होतो. बोलणाऱ्याचे डोळे वरून ५०० ते ६०० पिक्सेलवर आले तर हनुवटी ९०० च्या आत राहते आणि तिच्याखाली दोन ओळी बसतात. आडव्या व्हिडिओतून कापून उभं केलेलं चित्र असेल तर चेहरा बहुधा मोठा आणि मधोमध येतो, आणि अक्षरं नेमकी तोंडावर पडतात. मग माणूस एक तर बोलताना दिसतो किंवा काय बोलतो ते वाचता येतं. चित्र थोडं लहान करून वर सरकवणं आणि खाली साधा रंग भरणं, हा यावरचा देखणा नसला तरी प्रामाणिक उपाय. खालचे ३५ टक्के वाया जातात असंही नाही. रंगमंचाची जमीन, साडीचा घोळ, टेबलावरचे हात, वाचायची गरज नाही असं सगळं तिथे खुशाल असावं. चित्राला श्वास घ्यायला जागा मिळते.

रील फक्त रील म्हणूनच दिसत नाही, ही आणखी एक अडचण. प्रोफाइलवरच्या जाळीत त्याचं मुखपृष्ठ दिसतं. ती जाळी आधी चौरस होती. जानेवारी २०२५ मध्ये इन्स्टाग्रामनं ती ३:४ अशी उभी केली. ३:४ मध्ये वरचे आणि खालचे २४०-२४० पिक्सेल कापले जातात. ज्यांनी नाव १२० वर ठेवलं होतं त्यांच्या प्रोफाइलवर आजही बिनडोक्याची शीर्षकं दिसतात. २८८ च्या खाली ठेवलेलं नाव या कापण्यातूनही सुटतं, म्हणून ती कड मी जरा कडक पाळतो.

हे सगळे आकडे आज आहेत तसे उद्या राहतीलच याचा भरवसा नाही. टिकटॉकवर भारतात जून २०२० मध्ये बंदी आली, पुढच्याच महिन्यात रील्स आणि सप्टेंबरात शॉर्ट्स इथे सुरू झाले. तेव्हापासून या ॲप्सची मांडणी सारखी बदलते आहे. इंटरनेटवर मिळणारे तयार सेफ झोनचे साचे म्हणूनच लवकर शिळे होतात. त्यापेक्षा स्वतःची फूटपट्टी करावी. १०८० बाय १९२० ची एक पांढरी चौकट घ्या, तिच्यावर दर १०० पिक्सेलला आडवी रेघ मारा आणि प्रत्येक रेघेवर आकडा लिहा, डावीकडे, मध्ये आणि उजवीकडेही. उभ्या रेघाही तशाच. याचा दहा सेकंदांचा व्हिडिओ करून यूट्यूबवर ‘प्रायव्हेट’ म्हणून शॉर्ट टाका, इन्स्टाग्रामवर फक्त ‘क्लोज फ्रेंड्स’ना दिसेल असा टाका. पोस्टचा मजकूर चांगला दोन-तीन ओळींचा लिहा, कारण खऱ्या पोस्टला तो असतोच. मग फोनवर उघडून स्क्रीनशॉट घ्या. कुठला आकडा दिसतो आणि कुठला अकाउंटच्या नावाखाली गेला, हे सरळ वाचता येतं. फोन कितीही उंच असो, चित्र कितीही ताणलेलं असो, आकडे तुमच्या मूळ चौकटीचेच असतात, त्यामुळे गुणाकार-भागाकार करावा लागत नाही.

ही तपासणी संगणकावर करू नये. संगणकाच्या ब्राउझरमध्ये शॉर्टची बटणं व्हिडिओच्या बाजूला, चित्राबाहेर असतात. तिथे सगळं सुखरूपच दिसणार. आणि एकाच फोनवरही भागत नाही. घरातल्या ज्येष्ठांचा फोन मागून घ्या. त्यांनी सेटिंगमध्ये अक्षरं मोठी केलेली असतात, त्यामुळे बऱ्याच ॲप्समध्ये खालचा मजकूरही मोठा होऊन वर चढतो. मराठी नाटकाचा तिकीट काढणारा प्रेक्षक बऱ्याचदा हाच असतो, तेव्हा त्याच्या फोनवर १२०० ची रेघ स्वच्छ दिसते ना, ते पाहणं जास्त महत्त्वाचं. कुणी मजकुरातल्या ‘आणखी’वर बोट ठेवलं तर तो उलगडून अर्धं चित्र झाकतो, त्याला इलाज नाही आणि तो करूही नये, कारण तो माणूस आपणहून वाचायला थांबला आहे.

फूटपट्टीवरून एकदा कडा ठरल्या की त्यांचं एक पारदर्शक चित्र बनवावं, झाकली जाणारी जागा लाल आणि मधली पाटी आरपार. ते पीएनजी फाइल म्हणून जतन करून प्रत्येक प्रकल्पात सगळ्यांत वरच्या थरावर टाकावं. फोनवरच्या साध्या संकलन ॲपमध्येही ते स्टिकर किंवा दुसरं चित्र म्हणून चढवता येतं. काम करताना लालमध्ये अक्षर गेलं की लगेच दिसतं. फक्त व्हिडिओ बाहेर काढण्याआधी हा थर बंद करायला विसरू नये.